तडे गेलेल्या व बुरशी लागलेल्या एका जुन्या फोटोची दुरुस्ती आणि तींतून ठरलेला पाठ

(१)

पोथीच्या शेवटीं तिचा लेखक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिचें रक्षण करण्याची विनंती पोथीच्याच तोंडीं घालतो, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. त्या शत्रूंपैकीं पाणी हा शत्रु जुन्या फोटोस पोथीहूनहि अधिक घातक आहे. ही गोष्ट आम्हांस ग्रंथांतून कळली नाहीं. एका फोटोची हानि स्वतःच्या हातानें केल्यावर कळली. ती हानि कशी झाली, दुसऱ्या फोटोच्या बाबतींत ती कशी टळली, आणि त्या दुसऱ्या फोटोवरील एक आंकडा व एक तारीख यांचा पाठ शेवटीं कशावरून ठरला, एवढीच हकीकत प्रस्तुत लेखांत सांगावयाची आहे.

सन २०२२ च्या आश्विनांत एका वतनदार घराण्याकडून आमच्याकडे दोन फोटो आले. दोन्हीं एकाच मापाचे, म्हणजे साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच उंच होते. एकाच्या पाठीवर पेन्सिलीनें सन १९३४ असें लिहिलेलें होतें. पहिला एका मोडी पत्राचा व दुसरा एका हिशेबी यादीचा फोटो होता. मूळ कागद त्या घराण्यांत आज नाहींत; तेव्हां हे फोटोच आतां मूळाच्या जागीं मानावयाचे. ते पुष्कळ वर्षें पत्र्याच्या नळींत गुंडाळून ठेवलेले होते व पुढें केव्हां तरी कोणीं ते उलगडून वह्यांच्या ओझ्याखालीं सपाट केले होते. त्यामुळें दोहोंवरहि उभ्या बारीक भेगा पडल्या होत्या, आणि कोंकणांतील पावसाळ्यांनीं ठिकठिकाणीं बुरशीचे डाग उठविले होते.

(२)

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वीं फोटो कोणत्या जातीचा आहे हें ठरविलें पाहिजे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी सन १८५४ मध्यें स्थापन झाली. त्या काळचे कागदावरील फोटो हे मिठाच्या कागदाचे किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थराचे असत. बलकाची ही कृति ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थानें सन १८५० मध्यें प्रसिद्ध केली. पुढें सन १८७१ मध्यें मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें जिलेटिनचें इमल्शन पुढें आणलें, आणि एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास जिलेटिनच्या कागदांनीं बलकाच्या कागदांस मागें सारलें. बलकाच्या फोटोवर सर्वत्र अतिसूक्ष्म भेगांचें जाळें असतें. तें बहुधा त्या थराच्या जातीचेंच लक्षण होय. दुरुस्त करावयाचा दोष तो नव्हे.

भिंगांतून पाहिलें असतां ही ओळख सहसा पटते. बलकाच्या फोटोंत कागदाचे तंतु थराखालून दिसतात. विसाव्या शतकांतील बहुतेक जिलेटिनच्या फोटोंत ते दिसत नाहींत. कारण कागद व जिलेटिन यांच्या मध्यें बॅराइटाचा, म्हणजे बेरियम सल्फेटचा, पांढराशुभ्र लेप असतो. आमच्या दोन्हीं फोटोंत तंतु दिसले नाहींत. अर्थात् खालीं कागद, त्यावर बॅराइटा, आणि सर्वांत वर चांदीचे काळे कण धरून ठेवणारा जिलेटिनचा पापुद्रा, अशी त्यांची रचना ठरली. हा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याइतका पातळ असतो. अक्षर जें कांहीं आहे तें सर्व त्या पापुद्र्यांत आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

जिलेटिन हवेंतील ओल शोषून फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. कागदहि तसेंच करतो, परंतु त्याच प्रमाणांत नव्हे. वर्षानुवर्षें ही ओढाताण चालली म्हणजे पापुद्रा कडक व ठिसूळ होतो. अशा फोटोची गुंडाळी कोरड्या दिवसांत बळानें उलगडली कीं पापुद्रा गुंडाळीच्या अक्षास समांतर अशा रेषांत तडकतो. आमच्या फोटोंच्या भेगा उभ्या कां होत्या, याचें कारण हेंच. भेग गडद भागांतून गेली तर खालचा बॅराइटा उघडा पडून ती पांढरी दिसते. परंतु फिक्या भागांतून गेलेल्या भेगेंत धूळ भरली म्हणजे ती काळी दिसते. मोडी कागदाच्या फोटोंत बहुतेक पार्श्वभूमि फिकीच असते, म्हणून तेथें भेग ही शाईच्या रेघेचें सोंग घेते. हा मुद्दा पुढें महत्त्वाचा ठरेल.

बुरशीची गोष्ट निराळी. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर कांहीं दिवस टिकली कीं बुरशीचे बीजाणु रुजूं लागतात. जिलेटिन हें प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेलें असल्यामुळें तें बुरशीचें अन्नच होय. तें खातां यावें म्हणून बुरशी आपल्या अंगांतून पाचक रस सोडते, आणि त्या रसानें जिलेटिनच्या रेणूंचे तुकडे पडतात. साधें जिलेटिन थंड पाण्यांत फुगतें, पण विरघळत नाहीं. बुरशीनें पचविलेलें जिलेटिन मात्र थंड पाण्यांतहि विरघळतें. डागाची बुरशी मेली तरी ही विकृति मागें राहतेच.

(३)

हें ज्ञान आम्हांस तेव्हां नव्हतें. पहिल्या फोटोवरील पांढुरके डाग पाहून आम्हीं कापसाचा बोळा पाण्यांत बुडविला, पिळला, व एका डागावरून अलगद फिरविला. डाग गेला. दुसऱ्या डागावरून तोच बोळा फिरवितांना कापूस काळा झालेला दिसला, आणि क्षणभर आम्हांस वाटलें कीं मळ निघत आहे. तो मळ नव्हता. ती चांदी होती. बोळा उचलला तेव्हां पत्राच्या सहाव्या व सातव्या ओळींतील मिळून चार अक्षरें नाहींशीं झालीं होतीं, आणि त्यांच्या जागीं बॅराइटाचा स्वच्छ पांढरा ठिपका उरला होता. तीं अक्षरें आम्हीं आधीं उतरून घेतलेलीं नव्हतीं. आज तीं कोठेंहि नाहींत.

या अपघातावरून आम्हीं दोन नियम घेतले. पहिला असा कीं, फोटोस हात लावण्यापूर्वीं त्याची जशी असेल तशी एक प्रतिमा घेतलीच पाहिजे. साध्या दूरध्वनीच्या कॅमेऱ्यानें घेतली तरी चालेल. दुसरा असा कीं, बुरशीच्या डागास पाणी लावावयाचें नाहीं, मग तें कितीहि थोडें असो.

परंतु दुसऱ्या नियमानें एक अडचण उत्पन्न होते व तीच या कामांतील खरी गांठ आहे. तडकलेल्या, वळलेल्या पापुद्र्यावरचा रूढ उपाय म्हणजे ओल. आर्द्र हवेंत थोडा वेळ ठेवला म्हणजे जिलेटिन मऊ पडतें, गुंडाळी सुटते व भेगांच्या उचललेल्या कडा खालीं बसतात. पण तीच ओल बुरशीनें पोखरलेल्या जिलेटिनास चिकट करते व निद्रिस्त बुरशीस जागें करते. एका रोगाचें औषध तें दुसऱ्या रोगाचें विष, असा हा प्रकार आहे. म्हणून ज्या फोटोस दोन्हीं विकार आहेत त्यांत आधीं बुरशीचा बंदोबस्त करावा, आणि भेगांच्या बाबतींत सर्व फोटोस ओल न देतां जेथें अगदीं भाग पडेल तेथेंच व तेवढाच उपाय करावा, हा क्रम ठरतो.

(४)

दुसऱ्या फोटोवर आम्हीं जें केलें तें क्रमानें सांगतों. प्रथम तो इतर सर्व कागदांपासून वेगळा केला. हातांत रबरी मोजे व तोंडावर बारीक कण अडविणारा मुखपट घेतला. बुरशीची धूळ छातींत जाणें वृद्धांस विशेष बाधतें. नंतर तो स्वच्छ टीपकागदावर, चित्राची बाजू वर करून, आर्द्रतामापक ठेवलेल्या खोलींत पंधरा दिवस राहूं दिला. तेथील आर्द्रता शेंकडा ४५ ते ५० राखली. याहून फार कोरडें करण्यांतहि लाभ नाहीं, कारण जिलेटिन अधिक ठिसूळ होऊन नव्या भेगा पडतात. उन्हांत ठेवणें तर सर्वथा वर्ज्य. ऊन बुरशी वाळवितें खरें, पण फोटो वळवितें व तडकवितें.

बुरशी निद्रिस्त झाली कीं नाहीं हें डागाच्या कडेस कोरड्या कुंचल्याचें टोंक लावून कळतें. ती ओली व जिवंत असेल तर पसरते व माखते. वाळली असेल तर पिठीसारखी सुटते. सुटूं लागल्यावर मऊ केसांच्या रुंद कुंचल्यानें, आपल्यापासून दूर अशा दिशेनें, ती झाडली. समोर धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी तोंडास मलमल बांधून धरली होती; त्या यंत्रास बारीक कण अडविणारी गाळणी असावी, नाहीं तर बीजाणु खोलीभर उडतात. तोंडानें फुंकर मारूं नये. फुंकरेंत ओल असते. भेगांच्या जवळ कुंचला भेगेच्या लांबीच्या दिशेनेंच चालविला, आडवा चालविला नाहीं. आडवा चालविल्यास केस उचललेल्या कडेंत अडकून पापुद्र्याचा तुकडा उडतो.

इतकें झाल्यावर पांढुरकी पिठी गेली, परंतु पिंवळट-तपकिरी डाग राहिलेच. ते जिलेटिनच्या आंत मुरलेले रंग असतात. कुंचल्यानें जात नाहींत. ते घालविण्यासाठीं विरंजक द्रव्य लावणें म्हणजे डागाबरोबर चांदीसहि हात घालणें होय. येथें थांबणें हाच शहाणपणा. थायमॉलची धुरी देण्याची चाल पूर्वीं अनेक दप्तरखान्यांत होती, ती आतां जतनतज्ज्ञांनीं सोडली आहे. आणि नॅप्थलीनच्या गोळ्या कसरीस पळवितात, बुरशीस नव्हे.

आतां भेगा. अंधाऱ्या खोलींत एक दिवा फोटोच्या पातळीजवळ, अगदीं तिरकस धरला म्हणजे भेगांच्या तीन जाति वेगळ्या दिसतात. पहिलींत पापुद्रा तडकलेला असतो, पण दोन्हीं कडा खालीं चिकटून असतात. तीस कांहींच करावयाचें नाहीं. दुसरींत कडा कौलाप्रमाणें उचललेल्या असतात व त्यांची सावली पडते, ही धोक्याची. तिसरींत पापुद्रा गळून बॅराइटा उघडा पडलेला असतो. तेथें जें गेलें तें गेलें. अशा जागीं रंग भरून ती झांकणें हें भिंतीवर टांगावयाच्या चित्रास शोभेल, कागदपत्राच्या फोटोस नव्हे. गळालेला तुकडा सांपडल्यास तो लहान कागदी पुडींत घालून वर पेन्सिलीनें जागा लिहावी.

आमच्या फोटोवर दुसऱ्या जातीची एकच जागा होती, खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ. तेथें अक्षर नव्हतें व सुदैवानें बुरशीहि नव्हती. ती आम्हीं स्वतः बसविली नाहीं. एका जतनतज्ज्ञाकडून बसवून घेतली. त्यानें शंभर मिलिलिटर शुद्ध पाण्यांत दोन ग्रॅम शुद्ध जिलेटिन आधीं थंड भिजवून मग सुमारें ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलें, आणि दोन-तीन केसांच्या कुंचल्यानें त्याचा एक थेंब उचललेल्या कडेखालीं सोडला. वर न चिकटणारें पातळ कापड, त्यावर टीपकागद व लहानसें वजन ठेवून तें वाळूं दिलें. जिलेटिनास जिलेटिनानेंच जोडलें, परका गोंद आणला नाहीं. बाजारी डिंक किंवा चिकटपट्टी लाविली असती तर ती आज बसली असती व कांहीं वर्षांनीं पिंवळी पडून पापुद्र्यासह निघाली असती. तीच कड डागाच्या जागीं असती तर हा उपायहि करतां आला नसता, कारण जिलेटिनचा तो थेंबहि मुख्यतः पाणीच असतो. अशा वेळीं फोटो काचेवर न ठेवतां वरून कॅमेऱ्यानेंच टिपावा.

(५)

कड बसल्यावर फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. झांकण लाविलें नाहीं, कारण त्याच्या दाबानें दुसरी एखादी कड मोडेल. वरून केवळ काळें कापड टाकलें. शेजारीं मोजपट्टी व करड्या छटांची पट्टी ठेवली. एका इंचास ६०० बिंदु या प्रमाणांत स्कॅन केल्यावर ३९०० गुणिले ५१०० बिंदूंचें चित्र मिळालें. फोटो कृष्णधवल असतांहि स्कॅन मात्र रंगीत घेतला, व प्रत्येक रंगास सोळा बिट ठेविले. फाइल सुमारें १२० मेगाबाइटची झाली. रेषा तीक्ष्ण करणें, धूळ आपोआप पुसणें, या स्कॅनरच्या सर्व सोयी बंद ठेविल्या. कृष्णधवल वस्तूचा रंगीत स्कॅन कशास, असें पुष्कळजण विचारतात. त्याचें उत्तर डागांत आहे.

यादीच्या माथ्यावर शुहूर सनाचे शब्द स्पष्ट आहेत: समान सितैन मया व अलफ, म्हणजे ११६८, इसवी सन १७६७-६८. पुढें चंद्र व महिना आहे. महिना रजब हेंहि निश्चित. परंतु चंद्राचा आंकडा डोळ्यांनीं १० दिसे. एकाच्या उजवीकडे लहानसें वर्तुळ, कडेला गडद व मध्यें फिकें, अगदीं शून्यासारखें. मात्र बुरशीची वसाहतहि पुष्कळदां अशीच वाटोळी व कडेला गडद असते. मग तें शून्य खरें कीं खोटें?

रंगीत चित्र हें तांबडें, हिरवें व निळें अशा तीन चित्रांचें मिळून होतें, व तीं वेगळीं करून पाहतां येतात. चांदीचा काळा रंग तिन्हींत जवळजवळ सारखाच काळा दिसतो. पिंवळट-तपकिरी डाग मात्र निळ्या चित्रांत गडद व तांबड्यांत फिका होतो. आम्हीं दोन्हीं चित्रें शेजारींशेजारीं ठेविलीं. एकाचा आंकडा दोहोंत सारखाच काळा होता. त्यापुढील वर्तुळ निळ्यांत ठसठशीत व तांबड्यांत जवळजवळ अदृश्य होतें. त्याच्या जागीं कागदाची करडी पार्श्वभूमि आजूबाजूसारखीच सलग दिसली. शून्य बुरशीचें ठरलें. पाठ छ १ रजब असा घेतला.

या कसोटीस मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. चांदी जेथें कालमानानें विटून स्वतःच पिंवळट-तपकिरी झाली असेल तेथें खरें अक्षरहि तांबड्या चित्रांत फिकें पडतें. म्हणून संशयित खुणेच्या अगदीं लगतचें, निर्विवाद असें अक्षर आधीं तपासावें. तें तिन्हीं चित्रांत सारखें काळें असेल तरच निर्णय विश्वसनीय. आमच्या एकानें ही परीक्षा उत्तीर्ण केली होती. दुसरें असें कीं, जेथें बुरशीनें जिलेटिन खाऊन टाकलें आहे तेथें तांबडें चित्रहि कांहीं परत आणूं शकत नाहीं. तिरकस प्रकाशांत असा भाग चकाकी गेलेला व खळगा पडलेला दिसतो. आमच्या वर्तुळाच्या जागीं पृष्ठभाग किंचित् निस्तेज होता, पण खळगा नव्हता. तथापि या तारखेस यादींतील मजकुराचा स्वतंत्र पुरावा नाहीं, म्हणून ती छापतांना शेजारीं डागाची टीप दिलीच पाहिजे.

(६)

आंकड्याचा प्रश्न याहून बिकट होता. यादीच्या शेवटीं एकूण रकमेपुढें १२५ व त्यानंतर दोन उभ्या रेघा दिसत होत्या. आपल्या हिशेबी लेखनांत एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, हें वाचक जाणतातच; तेव्हां रक्कम साडे एकशेंपंचवीस वाचावी लागे. परंतु फोटोवर उभ्या भेगा पडलेल्या, त्यांत धूळ भरून त्या काळ्या झालेल्या, आणि त्या सलग नसून तुटक तुटक. यांतील रेघ कोणती व भेग कोणती, हें साध्या डोळ्यांस सांगवेना. रंगांची कसोटीहि येथें निरुपयोगी ठरली, कारण भेगेंतील धूळ ही चांदीसारखीच करडी होती.

येथें दुसरी युक्ति उपयोगी पडली. स्कॅनरचा दिवा काचेखालीं एकाच बाजूनें प्रकाश टाकीत सरकतो. भेग ही खांच आहे. तिची एक कड उजळते व दुसरीची सावली पडते. अक्षर हें सपाट पापुद्र्यांतील काळेपण आहे. त्यास सावली नाहीं. म्हणून आम्हीं तोच फोटो पहिल्यानें एका दिशेनें, मग नव्वद अंश व मग एकशेंऐंशी अंश फिरवून, असा तीन वेळां स्कॅन केला, व तिन्हीं चित्रें संगणकावर पुन्हां सरळ करून एकावर एक बसविलीं. दोन रेघांपैकीं डावी तिन्हींत जशीच्या तशी राहिली. उजवी मात्र बदलली. ज्या दोन स्कॅनांत दिवा तिच्यावरून आडवा गेला होता त्यांत तिची उजळ कड एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस आली, आणि ज्यांत तो तिच्या लांबीच्या दिशेनें गेला होता त्यांत ती अर्धीअधिक पुसट झाली. डावी रेघ शाईची, उजवी भेगेची. रक्कम १२५।, म्हणजे एकशेंपंचवीस रुपये व चार आणे.

या निर्णयास यादीनेंच साक्ष दिली. वरील तीन कलमांच्या रकमा ६२॥, ३७॥। व २५ अशा आहेत व त्या भागांत भेग नाहीं. त्यांची बेरीज १२५। च येते. लेखकानें बेरीज चुकविली असती तर ही साक्ष दुर्बळ झाली असती. परंतु बाह्य परीक्षा व अंतर्गत हिशेब हे परस्परांवर अवलंबून नसतां एकाच आंकड्यावर आले, म्हणून आम्ही हा पाठ निश्चित मानतों.

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. हाच फोटो त्या घराण्यानें आमच्याकडे येण्यापूर्वीं एका फोटोवाल्याकडून स्कॅन करून स्वच्छ करून घेतला होता, व ती स्वच्छ प्रत आम्हांस मागाहून पाहावयास मिळाली. ती दिसावयास सुंदर आहे. तींत एकहि डाग नाहीं, एकहि भेग नाहीं, आणि १२५ च्या पुढें एकहि रेघ नाहीं. सर्व उभ्या रेषा भेगा समजून शेजारचे करडे बिंदु त्यांवर पसरविले गेले आणि खरी रेघहि त्यांत गेली. तारखेचें शून्य मात्र अक्षर समजून तसेंच राखलें गेलें. म्हणजे शाईचें होतें तें पुसलें गेलें व बुरशीचें होतें तें टिकलें. मूळ फोटो नष्ट झाला असता व केवळ ती प्रत उरली असती, तर १२५ व छ १० हे दोन्हीं अपपाठ कोणीं कधींच ओळखले नसते. कारण भ्रष्ट पोथींत निदान खाडाखोड दिसते, येथें खाडाखोडीची खूणहि उरत नाहीं.

(७)

तेव्हां स्कॅन झाल्यावर संपादनांत काय करावें? आम्हीं ठेविलेली पद्धत अशी. मूळ स्कॅनास कधींच हात लावीत नाहीं. तो आदर्श प्रतीप्रमाणें वेगळा राहतो. त्याच्या नकलेवर, निराळ्या स्तरांत, भेगा व डाग भरतों. भेग मोकळ्या कागदावरून जाते तेथें शेजारचे बिंदु घेऊन ती भरण्यास हरकत नाहीं. त्यानें डोळ्यास वाचन सुलभ होतें. भेग अक्षरांतून जाते तेथें मात्र ती तशीच राहूं देतों. अक्षराचा अर्धा भाग तर्कानें जोडणें हें पाठकल्पनेचें काम आहे, व तें लेखांत कंसांत करावें, चित्रांत करूं नये. आपोआप भेगा शोधून पुसणारें साधन मजकुराच्या ओळींवर कधींच चालवीत नाहीं, कारण त्यास दंड व भेग यांतील भेद कळत नाहीं. शेवटीं जेथें जेथें हात लाविला तेवढाच भाग तांबड्या रंगानें दाखविणारें तिसरें चित्र जोडतों. तीं तिन्हीं चित्रें एकत्र ठेवलीं म्हणजे संपादकानें काय पाहिलें व काय केलें हें कोणासहि पडताळतां येतें.

असो. प्रामाणिक पोथीलेखक आपण जसें पाहिलें तसेंच लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष आपणांस देऊं नये, असें शेवटीं सांगत असे. त्याच्या त्या वाक्यास पंडित हंसत, व आम्हीहि एके काळीं हंसत होतों. आतां पहिल्या फोटोवरील तो पांढरा ठिपका पाहतांना हंसूं येत नाहीं. तेथें चार अक्षरांची जागा आहे व चारहि अक्षरें आमच्या हातून गेलीं आहेत. त्या पत्राचें वाचन प्रसिद्ध करतांना सहाव्या व सातव्या ओळींत आम्हीं चार टिंबें घातलीं आहेत, आणि खालीं कारण लिहिलें आहे: संपादकाच्या हातून पुसलीं गेलीं.